केबलने फर्मवेअर अपडेट केल्यावर संगणक कंट्रोलर ओळखेनासा झाला तर

गेम खेळण्याचा कंट्रोलर केबलने संगणकाला जोडला, अपडेट शंभर टक्क्यांपर्यंत गेले, अ‍ॅपने सर्व काही व्यवस्थित झाल्याचे सांगितले, आणि केबल काढल्यावर मात्र कंट्रोलरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, असा प्रसंग नवख्या माणसावर हमखास येतो. अपडेटने कंट्रोलर बिघडवला, अशी त्याची समजूत होते आणि तो तेच अपडेट पुन्हा पुन्हा करू लागतो. बहुतेक वेळा कंट्रोलरला काहीही झालेले नसते. अपडेटनंतर तो संगणकाला आपली ओळख नव्या रीतीने देऊ लागलेला असतो आणि संगणक जुन्या नोंदीच्या आधारे त्याचा शोध घेत असतो.

हे नीट समजावे म्हणून येथे एकच उदाहरण सविस्तर घेतले आहे. १७०८ या मॉडेलचा एक्सबॉक्स वायरलेस कंट्रोलर विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर आधी ब्लूटूथने चालत होता आणि आता त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेला प्रोग्रॅम, बऱ्याच काळानंतर अद्ययावत करायचे आहे, असे गृहीत धरू. या मॉडेलची निवड मुद्दाम केली आहे. २०२१ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने ब्लूटूथ असलेल्या जुन्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरसाठी नवे फर्मवेअर प्रथम चाचणी गटातील वापरकर्त्यांना आणि पुढे सर्वांना दिले. त्या फर्मवेअरने कंट्रोलर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवरून ब्लूटूथ लो एनर्जी या पद्धतीवर आला. त्याआधीच्या आवृत्त्यांचे क्रमांक ३ किंवा ४ ने सुरू होत, त्यानंतरचे ५ ने सुरू होतात. ४ वरून ५ वर जाताना पेअरिंग, म्हणजे कंट्रोलर आणि संगणक यांनी ब्लूटूथवर एकमेकांची साठवलेली ओळख, तुटते, आणि हा लेख मुख्यतः त्या तुटण्याविषयी आहे.

आधी मॉडेल आणि केबल

कंट्रोलरच्या पाठीवरील बॅटरीचे झाकण उघडून सेल काढले की आतल्या लेबलवर मॉडेल क्रमांक दिसतो. १५३७ आणि १६९७ या क्रमांकांच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ मुळातच नाही. ते केबलने किंवा एक्सबॉक्सच्या स्वतंत्र वायरलेस अडॅप्टरने चालतात, त्यामुळे ब्लूटूथच्या यादीत ते सापडत नाहीत म्हणून दोन तास घालवणे व्यर्थ आहे. १७०८ मध्ये ब्लूटूथ आहे आणि त्याची सॉकेट मायक्रो यूएसबी प्रकारची आहे. त्यापुढचा, मधोमध शेअर बटण असलेला १९१४ हा टाइप-सी सॉकेटचा आहे आणि तो पहिल्यापासून लो एनर्जी पद्धतीनेच बोलतो.

आता केबल. मायक्रो यूएसबीच्या कित्येक केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात आणि माहिती नेणाऱ्या दोन तारा नसतात. अशा केबलने जोडल्यावरही कंट्रोलरचा दिवा लागतो, कारण कंट्रोलर सेल नसतानाही केबलमधल्या विजेवर चालू होतो. दिवा लागला एवढ्यावरून केबल योग्य आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढू नये. केबल जोडताच विंडोज नवे उपकरण जोडले गेल्याचा आवाज करते की नाही, हे पाहावे. आवाज झाला नाही, तर ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर उतरवता येतात अशी केबल घ्यावी, कारण तिच्यात माहितीच्या तारा आहेत याची खात्री त्यातूनच झालेली असते. केबल शक्यतो हबमध्ये न घालता थेट संगणकाच्या पोर्टमध्ये घालावी. मायक्रो यूएसबीची सॉकेट वापराने सैल होते. केबल हलकेच हलवल्यावर जोडणी तुटल्याचा आवाज येत असेल, तर त्या अवस्थेत अपडेट सुरू करू नये.

अपडेट करण्यापूर्वीची एक गोष्ट

बहुतेक सूचनांमध्ये न सांगितलेली, पण माझ्या मते सर्वांत जास्त त्रास वाचवणारी पायरी ही आहे: अपडेट करण्याआधीच कंट्रोलरची जुनी ब्लूटूथ नोंद काढून टाकावी. त्यासाठी विंडोजच्या `Settings` मध्ये `Bluetooth & devices` आणि तेथून `Devices` उघडावे, कंट्रोलरच्या नावासमोरच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून `Remove device` निवडावे. विंडोज १० मध्ये हेच `Devices` या विभागात सापडते. ही नोंद आधीच गेली असेल, तर पुढे वर्णन केलेली अडचण सहसा उद्भवतच नाही.

अपडेट

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून `Xbox Accessories` हे अ‍ॅप उतरवून घ्यावे. कंट्रोलर केबलने जोडून अ‍ॅप उघडले की त्यात कंट्रोलरचे चित्र दिसते. चित्राखालच्या तीन ठिपक्यांच्या बटणावर गेल्यावर सध्याच्या फर्मवेअरचा क्रमांक आणि अपडेट उपलब्ध आहे किंवा नाही हे कळते. हा जुना क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. तो ३ किंवा ४ ने सुरू होत असेल, तर पेअरिंग नव्याने करावे लागणार हे तेव्हाच निश्चित झाले. तो आधीच ५ ने सुरू होत असेल, तर ब्लूटूथची पद्धत बदलणार नाही आणि पुढे अडचण आलीच, तर तिचे कारण दुसरे असेल.

येथे केबलच का लागते, हा प्रश्न रास्त आहे. केबलवर असताना हा कंट्रोलर एक्सबॉक्सच्या स्वतःच्या संदेशपद्धतीने बोलतो, आणि फर्मवेअर पाठवण्याची सोय त्या पद्धतीत आहे. ब्लूटूथवर असताना मात्र तो सर्वसाधारण कळफलक किंवा माउससारखा साध्या इनपुट उपकरणाच्या रूपात संगणकासमोर येतो आणि त्या रूपात विंडोजवरील अ‍ॅपला त्याचे फर्मवेअर बदलता येत नाही. म्हणजे केबलवरचा कंट्रोलर आणि ब्लूटूथवरचा कंट्रोलर ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी उपकरणे आहेत, त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे विंडोजमधले प्रोग्रॅमही, वेगळे आहेत. पुढची सगळी तपासणी याच एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

अपडेट सुरू केल्यावर ते संपेपर्यंतच्या काही मिनिटांत कंट्रोलर टेबलावर ठेवून द्यावा, हातात घेऊन केबलला ताण देऊ नये. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि तो झोपी जाणार नाही याची काळजी घ्यावी. कंट्रोलरच्या खालच्या बाजूला हेडसेट किंवा अन्य जोडउपकरण लावलेले असल्यास ते आधी काढावे. अपडेट चालू असताना किंवा संपताना कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोजचा जोडणी तुटल्याचा व जुळल्याचा आवाज लागोपाठ येतो. हे अपेक्षितच आहे, त्या क्षणी घाबरून केबल उपसू नये.

अपडेट मध्येच तुटले, तर केबल व सेल दोन्ही काढून दहाएक सेकंद थांबावे, दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट घेऊन पुन्हा जोडावे आणि अ‍ॅपमध्ये अपडेट पहिल्यापासून करावे. अ‍ॅपला कंट्रोलर दिसतो आहे तोवर काम हाताबाहेर गेलेले नसते.

पहिली तपासणी केबल काढण्यापूर्वीच

अपडेट पूर्ण झाल्यावर केबल लगेच काढू नये. विंडोज आणि `R` ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत पुढील नाव टाकावे:

```
joy.cpl
```

एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात जोडलेल्या कंट्रोलरची यादी येते. आपला कंट्रोलर निवडून `Properties` उघडल्यावर मधले एक्सबॉक्स बटण सोडून प्रत्येक बटण दाबून आणि दोन्ही काड्या फिरवून पाहावे. येथे सर्व बटणांचा प्रतिसाद मिळत असेल, तर फर्मवेअर नीट बसले आहे आणि कंट्रोलर निरोगी आहे. पुढे केबल काढल्यावर जे काही अडेल ते केवळ ब्लूटूथच्या जोडणीचे असेल, त्यासाठी अपडेट पुन्हा करण्याची गरज नाही. याउलट, केबलवरही काही दिसत नसेल, तर ब्लूटूथच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. त्या स्थितीविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

केबलवर चालतो, ब्लूटूथवर ओळखला जात नाही

आपल्या उदाहरणातल्या माणसाने जुनी नोंद आधी काढली नव्हती असे समजू. फर्मवेअर ४ वरून ५ वर गेले, `joy.cpl` मध्ये केबलवर सगळे चालले, त्याने केबल काढून मधले एक्सबॉक्स बटण दाबले. दिवा संथपणे लुकलुकतो आणि काही वेळाने विझतो. विंडोजच्या यादीत कंट्रोलरचे नाव अजून आहे, त्याखाली `Paired` असेही लिहिलेले आहे, पण `Connected` कधी येत नाही.

संगणकात काय साठले आहे ते पाहायचे असेल, तर पॉवरशेल हा विंडोजमधला आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम उघडून पुढील आज्ञा द्यावी. `045E` हा मायक्रोसॉफ्टचा उत्पादक क्रमांक आहे, त्यामुळे त्याच कंपनीचा माउस किंवा कळफलक असल्यास तोही यादीत येईल, तिकडे दुर्लक्ष करावे.

```
Get-PnpDevice | Where-Object InstanceId -match '045E' |
  Format-List FriendlyName, Status, InstanceId
```

`InstanceId` च्या लांबलचक ओळीत `PID` या अक्षरांनंतर चार अंक-अक्षरांचा उत्पादन क्रमांक असतो. केबलवर जोडलेला १७०८ कंट्रोलर `02EA` असा दिसतो. जुन्या ब्लूटूथ पद्धतीत तोच कंट्रोलर `02E0` किंवा `02FD` असतो आणि नव्या फर्मवेअरने लो एनर्जी पद्धतीत जोडल्यावर तो `0B20` होतो. आपल्या माणसाला `02FD` च्या ओळी दिसतात, पण त्यांच्यासमोर `Status` मध्ये `Unknown` असते. ते उपकरण आता हजर नाही, फक्त त्याची नोंद उरली आहे, असा त्याचा अर्थ. `0B20` ची एकही ओळ नाही. निदान येथेच संपले: संगणक `02FD` ची वाट पाहतो आहे आणि कंट्रोलर ते नाव कायमचे सोडून आला आहे. पूर्वीच्या पेअरिंगच्या वेळी दोघांनी ठरवलेली गुप्त किल्लीही जुन्या पद्धतीची होती, ती लो एनर्जीच्या जोडणीला लागू पडत नाही.

उपाय क्रमाने करावा. प्रथम वर सांगितल्याप्रमाणे `Remove device` ने जुनी नोंद काढावी. नंतर संगणकाचे ब्लूटूथ एकदा बंद करून सुरू करावे. मग कंट्रोलर पूर्ण बंद करावा, म्हणजे मधले एक्सबॉक्स बटण दिवा विझेपर्यंत, साधारण पाच-सहा सेकंद, दाबून धरावे. कंट्रोलर पुन्हा सुरू करून त्याच्या वरच्या कडेला, केबलच्या सॉकेटच्या बाजूला असलेले लहान पेअरिंग बटण तीन सेकंद दाबून धरावे. दिवा आता जलद लुकलुकू लागला पाहिजे. संथ लुकलुकणे म्हणजे कंट्रोलर आधी ठाऊक असलेल्या यंत्राला शोधतो आहे आणि जलद लुकलुकणे म्हणजे तो नव्या ओळखीसाठी तयार आहे. नवखे लोक पहिल्या अवस्थेत कंट्रोलर ठेवून संगणकात त्याचा शोध घेत बसतात आणि तो अर्थातच सापडत नाही. जलद लुकलुकत असताना विंडोजमध्ये `Add device` आणि मग `Bluetooth` निवडावे, `Xbox Wireless Controller` हे नाव येताच त्यावर टिचकी मारावी. दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. वरची आज्ञा पुन्हा दिल्यास आता `0B20` च्या ओळी `OK` या स्थितीसह दिसतील.

नोंद काढताना `Remove failed` असा संदेश येण्याचा प्रकारही घडतो. अशा वेळी `Device Manager` उघडून `View` मधून `Show hidden devices` चालू करावे. `Bluetooth` या गटात कंट्रोलरचे फिकट झालेले नाव दिसेल, त्यावर उजवी टिचकी मारून `Uninstall device` निवडावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. संपूर्ण ब्लूटूथ अडॅप्टरच काढून टाकण्याचा सल्ला कधीकधी ऐकायला मिळतो. त्याने काम होऊ शकते, पण हेडफोन आणि माउस यांच्या जोडण्याही धोक्यात येतात, म्हणून तो मार्ग शेवटचा समजावा.

नाव यादीत येतच नसेल आणि दिवा खरोखर जलद लुकलुकत असेल, तर संगणकाचे ब्लूटूथ लो एनर्जीच्या आधीच्या काळातले असण्याची शक्यता पाहावी. लो एनर्जी ही पद्धत ब्लूटूथच्या ४.० या आवृत्तीपासून आली, त्यामुळे ३.० चा जुना अडॅप्टर असलेल्या संगणकावर कालपर्यंत चालणारा कंट्रोलर अपडेटनंतर ब्लूटूथने चालूच शकत नाही. `Device Manager` मध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या `Properties` मधील `Advanced` या पानावर `LMP` पुढे एक आकडा असतो. तो ६ किंवा त्याहून मोठा असेल, तर आवृत्ती ४.० किंवा पुढची आहे. तो ६ पेक्षा लहान असल्यास नवा अडॅप्टर घेणे किंवा केबलवरच खेळणे, हेच पर्याय उरतात.

आणखी एक फसवा प्रकार. नवे फर्मवेअर बसलेला कंट्रोलर दोन ओळखी एकाच वेळी लक्षात ठेवतो: एक एक्सबॉक्सच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीची आणि एक ब्लूटूथची. पेअरिंग बटण लागोपाठ दोनदा दाबले की तो एकीवरून दुसरीवर जातो. घरात एक्सबॉक्स कन्सोलही असेल आणि कंट्रोलर सुरू करताच संगणकाऐवजी तो कन्सोल जागा होत असेल, तर काहीही बिघडलेले नाही. पेअरिंग बटण दोनदा दाबून पाहावे. ते दाबून धरू नये, कारण मग कंट्रोलर नव्या पेअरिंगच्या अवस्थेत जाईल.

फोनवर किंवा लिनक्सवर कंट्रोलर आधी जोडलेला असेल, तर तेथेही जुनी नोंद विसरायला लावून नवे पेअरिंग करावे लागते. लिनक्सवर हे काम `bluetoothctl` मधील `remove` या आज्ञेने होते.

केबलवरही ओळखला जात नाही

ही स्थिती कमी वेळा येते, परंतु ती जास्त गंभीरपणे घ्यावी लागते. `Device Manager` मध्ये काय दिसते त्यावरून वाट ठरवावी. काहीच हालचाल नसेल, यादी जराही बदलत नसेल आणि आवाजही येत नसेल, तर माहितीच्या तारांपर्यंत संपर्क पोहोचलेला नाही. दोष केबलचा, पोर्टचा किंवा सॉकेटचा आहे. दुसऱ्या केबलने दुसऱ्या संगणकावर पाहिल्याशिवाय कंट्रोलरला दोष देऊ नये.

`Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` असे नाव आणि `Code 43` दिसत असेल, तर संगणकाला काहीतरी जोडले गेल्याचे कळले आहे, पण तू कोण आहेस या त्याच्या पहिल्याच प्रश्नाला नीट उत्तर मिळालेले नाही. यातही सैल केबल हेच पहिले संशयित असते. सेल व केबल काढून, थोडे थांबून, दुसऱ्या पोर्टवर जोडावे. दुसऱ्या संगणकावर दुसऱ्या केबलने हाच `Code 43` कायम राहिला, तरच फर्मवेअर किंवा आतील सर्किट बिघडल्याचा निष्कर्ष काढावा, आणि मग दुरुस्ती किंवा वॉरंटी हाच मार्ग आहे. घरी करता येण्यासारखे त्यापुढे फारसे काही नाही.

तिसरी शक्यता अशी की कंट्रोलरचे नाव दिसते, पण त्यावर पिवळे चिन्ह आहे. `Code 28` म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही आणि `Code 10` म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. येथे उजवी टिचकी मारून `Uninstall device` करावे, केबल काढावी, संगणक पुन्हा सुरू करून इंटरनेट चालू असताना केबल परत जोडावी. विंडोज स्वतःच ड्रायव्हर शोधून बसवते. त्यानंतर कंट्रोलर `Xbox Peripherals` या गटात दिसला पाहिजे. तो भलत्याच गटात, साध्या यूएसबी उपकरणासारखा दिसत असेल, तर `Update driver` मधून स्वतः यादी उघडून `Xbox Peripherals` हा गट निवडावा.

संगणक ओळखतो, खेळ ओळखत नाही

`joy.cpl` मध्ये ब्लूटूथवरही सर्व बटणे चालत असतील आणि एखाद्याच खेळात कंट्रोलर मुका राहत असेल, तर तो खेळ बटणांची मांडणी उत्पादन क्रमांकानुसार साठवत असावा. जुन्या यंत्रांचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे विशेष आढळते. तुम्ही केलेली मांडणी `02FD` च्या नावावर पडून आहे आणि समोर `0B20` हे नवे उपकरण आहे. जुनी मांडणी दुरुस्त करण्यात वेळ न घालवता त्या प्रोग्रॅमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये नवे उपकरण निवडावे आणि बटणे पहिल्यापासून नेमून द्यावीत. खेळ सुरू करण्यापूर्वी कंट्रोलर जोडलेला असावा, कारण काही खेळ सुरू होतानाच एकदा यादी पाहतात आणि नंतर जोडलेल्या कंट्रोलरकडे वळूनही बघत नाहीत.